११ ऑगस्टचे सोने : दिवसाचा, आठवड्याचा आणि महिन्याचा चार्ट



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी वाणिज्य शाखेच्या मुलांना हिशेब शिकवण्यात हयात घालवली. म्हणून मीही आज हिशेबच मांडणार आहे. सोने वाढेल की पडेल हे ऐकायला कोणी आले असेल तर त्यांची निराशा होईल, हे आधीच सांगून टाकतो. माझा प्रश्न त्याहून लहान आहे. भाव तेच, तारखा त्याच, आकडे तेच. मग एक जण म्हणतो, ‘सोने कोसळले’, दुसरा म्हणतो, ‘थोडे दमले आहे’ आणि तिसरा म्हणतो, ‘काहीच झालेले नाही’. तिघेही खोटे बोलत नाहीत. एकाने दिवसाचा चार्ट उघडलेला असतो, दुसऱ्याने आठवड्याचा आणि तिसऱ्याने महिन्याचा.

यासाठी मी ऑगस्ट २०२० हा एकच महिना निवडला आहे. तो आठवत असेल. टाळेबंदीचे निर्बंध पुरते उठले नव्हते, लग्ने पन्नास माणसांत उरकत होती, नागपुरात इतवारीच्या सराफ ओळीत गिऱ्हाईक कमी आणि चौकशा जास्त होत्या. आणि भाव मात्र कधी नव्हे तिथे जाऊन बसला होता. ७ ऑगस्टला एमसीएक्सच्या वायद्यात दहा ग्रॅमचा भाव ५६,१९१ रुपयांवर पोचला. तोवरचा तो उच्चांक होता.

त्याच आठवड्यात, ३ ते ७ ऑगस्टला, सरकारी सुवर्ण रोख्यांची एक मालिका विक्रीला होती. २०२०-२१ ची पाचवी. ग्रॅमचा दर ५,३३४ रुपये, ऑनलाइन पैसे भरणाऱ्यांना पन्नास रुपये सूट. हा दर रिझर्व्ह बँकेने ठरवला होता तो आधीच्या आठवड्यातल्या शेवटच्या तीन कामकाजी दिवसांच्या सराफ संघटनेच्या बंद भावांची सरासरी काढून. लोकांनी सहा टनांहून अधिक सोन्याचे रोखे घेतले. बँकेत, टपाल कचेरीत, मोबाइलवर. रोखे प्रत्यक्ष खात्यात पडण्याची तारीख होती ११ ऑगस्ट, मंगळवार. आणि नेमक्या त्या मंगळवारी सोने जागतिक बाजारात एका दिवसात साडेपाच टक्क्यांहून अधिक पडले. सात वर्षांत एका दिवसात एवढी पडझड झाली नव्हती.

रोखे हातात आले त्याच संध्याकाळी घराघरांत प्रश्न सुरू झाला असणार : चुकलं का? त्या प्रश्नाचे उत्तर तिन्ही चार्टना विचारू. रुपयातल्या भावात डॉलरचा दर आणि आयात शुल्क मिसळलेले असते, म्हणून आधी औंसाचे डॉलरमधले भाव घेतो आणि रुपयाकडे नंतर येतो. आकडे जवळच्या पूर्णांकात आहेत.

चार्टवरची एक कॅन्डल म्हणजे चार आकडे. उघडला तो भाव, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि बंद झाला तो भाव. उघडला आणि बंद झाला यांच्यातले अंतर म्हणजे कॅन्डलचे अंग. बंद भाव वर असेल तर ती हिरवी, खाली असेल तर लाल. अंगाबाहेर वरखाली जी बारीक रेघ राहते तिला बाजारात कोणी विक म्हणतात, कोणी शेपटी. पाच दिवसांच्या पाच कॅन्डलची एक साप्ताहिक कॅन्डल करताना सोमवारचा उघडा भाव घ्यायचा, शुक्रवारचा बंद भाव घ्यायचा, आणि पाच दिवसांतला सर्वांत वरचा व सर्वांत खालचा. वीस आकड्यांचे चार उरतात. महिन्याच्या कॅन्डलमध्ये ऐंशी-नव्वद आकड्यांचे चार उरतात. काय गळते? आधी वर गेला की आधी खाली आला, हा क्रमच गळतो. मोठ्या कॅन्डलकडे पाहून हे कधीच सांगता येत नाही. ही गोष्ट इतकी साधी आहे की वर्षानुवर्षे चार्ट पाहणारे लोकही ती विसरतात.

आता दिवसाचा चार्ट. जुलै संपला तेव्हा बंद भाव १,९७६ डॉलर. ४ ऑगस्टला सोन्याने इतिहासात पहिल्यांदा २,००० च्या वर बंद दिला. ६ तारखेला २,०६३. ७ तारखेला आत-आत २,०७५ पर्यंत जाऊन २,०३५ वर उतरले. १० तारखेला २,०२७. आणि ११ तारखेला १,९१२. रशियाने लस मंजूर केल्याची घोषणा त्याच दिवशीची. अमेरिकी सरकारी रोख्यांवरचा परतावाही त्या दिवसांत तळातून वर येऊ लागला होता. व्याज न देणाऱ्या सोन्याला ते मानवत नाही. १२ तारखेला सकाळी आपल्याकडे दुकाने उघडत होती तेव्हा भाव १,८६३ पर्यंत घसरला आणि दिवसअखेर परत १,९१५ वर आला. दिवसाच्या चार्टवर हे चित्र म्हणजे सरळ चढण आणि मग कडा. तीन दिवसांपूर्वीच्या उच्चांकापासून दोनशे डॉलर खाली. हा चार्ट पाहणारा म्हणेल, तेजी मोडली.

आठवड्याचा चार्ट उघडला की हा कडा एका लाल कॅन्डलमध्ये मावतो. १४ ऑगस्टला संपलेल्या आठवड्यात सोने २,०३५ वर उघडले, १,८६३ ला टेकले, १,९४५ वर बंद झाले. त्याआधी सलग नऊ आठवडे भाव चढलेला होता. नऊ हिरव्यांनंतर एक लाल, आणि तिला खाली लांब शेपटी, म्हणजे पडल्यावर खरेदीदार आलेले. पुढचे पाच आठवडे बंद भाव १,९३४ ते १,९६५ याच पट्ट्यात फिरत राहिले. साप्ताहिक चार्ट पाहणारा म्हणेल, मोठ्या चढणीनंतरची विश्रांती आहे, थांबून पाहू.

आणि महिन्याचा चार्ट? ऑगस्ट उघडला १,९७६ ला आणि बंद झाला १,९६८ ला. आठ डॉलरचे अंग! दोन्ही बाजूंना लांब शेपट्या, मध्ये रेघेएवढे शरीर. जपानी पद्धतीत अशा कॅन्डलला दोजी म्हणतात. ऑगस्टमध्ये घरोघर जो गोंधळ झाला, त्याचा महिन्याच्या हिशेबात निव्वळ परिणाम अर्धा टक्कासुद्धा नाही. मासिक चार्ट पाहणारा म्हणेल, चार महिने चढले, पाचव्यात थांबले.

याहून गंमत पुढे आहे. बऱ्याच वर्तमानपत्रांत कॅन्डल नसतात, नुसती रेघ असते, आणि ती रेघ बंद भावांना जोडून काढतात. महिन्याच्या बंद भावांची रेघ काढली तर २०२० मधला उच्चांक कोणता? जुलैअखेरचे १,९७६. म्हणजे त्या रेघेप्रमाणे सोन्याने २०२० साली २,००० चा टप्पा ओलांडलाच नाही. ज्या उच्चांकाच्या बातम्या पहिल्या पानावर आल्या, तो या चार्टवर अस्तित्वातच नाही. रेघ खोटी नाही. तिला महिन्याचा फक्त शेवटचा दिवस विचारलेला आहे आणि तिने तेवढेच उत्तर दिले आहे.

इथे मला एका सापळ्याजवळ थांबावे लागेल, कारण नवशिके त्यात सर्वांत जास्त पडतात. वर मी मासिक कॅन्डलला दोजी म्हटले ते ३१ ऑगस्टनंतर पाहून. त्या महिन्यात बसून पाहणाऱ्याला ती तशी दिसत नव्हती. ६ तारखेच्या रात्री हीच ऑगस्टची कॅन्डल १,९७६ ते २,०६३ अशी भरगच्च हिरवी होती. मासिक चार्टसुद्धा ‘घे’ म्हणत होता. १२ तारखेला तीच कॅन्डल लाल झाली होती. महिनाअखेरीस रेघ उरली. म्हणजे ‘मी महिन्याचा चार्ट पाहतो, रोजच्या चढउताराकडे बघत नाही’ असे म्हणणारा माणूस महिन्याच्या मध्येच तो चार्ट उघडत असेल, तर तो रोजचाच भाव पाहत असतो, फक्त मोठ्या चौकटीत बसवून. मासिक चार्ट महिन्यातून एकदाच बोलतो, तेही शेवटच्या दिवशी बाजार बंद झाल्यावर. मधल्या काळातली उजवीकडची शेवटची कॅन्डल अर्धवट असते. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्या दिवशी पुसला जातो, आणि पुसला गेल्याची खूणही चार्टवर राहत नाही. मागे वळून पाहताना सगळे महिने नीट पूर्ण दिसतात, त्यामुळे मासिक चार्ट आहे त्यापेक्षा शहाणा वाटतो.

मतांचा भाग पुरे. एक कोरडा नियम घेऊ आणि तोच तिन्ही चार्टना लावू. नियम असा की शेवटच्या वीस कॅन्डलच्या बंद भावांची सरासरी काढायची आणि बंद भाव तिच्याखाली गेला की विकायचे. वीसच का, याला फारसा अर्थ नाही. अनेक जण वीस वापरतात म्हणून मीही घेतले. पण वीस दिवस म्हणजे बाजाराचा एक महिना, वीस आठवडे म्हणजे साडेचार महिने आणि वीस महिने म्हणजे पावणेदोन वर्षे. आकडा तोच राहतो आणि प्रश्न बदलतो. चार्ट बदलताना पडद्यावरची सेटिंग मात्र आपण वीसवरच ठेवतो, हे लक्षात घ्या.

दिवसाच्या चार्टवर ११ ऑगस्टला वीस दिवसांची सरासरी १,९३० होती, बंद भाव १,९१२. नियम म्हणाला, विका. दोन दिवसांनी भाव १,९५३ झाला, १८ तारखेला २,००२. म्हणजे सरासरीच्या वर. नियम म्हणाला, परत घ्या. मग पुन्हा खाली, पुन्हा वर. पुढच्या तीन महिन्यांत दिवसाचा नियम पाळणारा कितीदा आत-बाहेर झाला असता याची आपण नुसती कल्पना करावी.

आठवड्याच्या चार्टवर १४ ऑगस्टला वीस आठवड्यांची सरासरी होती १,७७५ च्या आसपास. भाव १,९४५. नियम गप्प. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भाव १,८६१ वर बंद झाला तेव्हा सरासरी १,८५० पर्यंत वर आली होती. तरीही गप्प. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी पहिल्यांदा बंद भाव सरासरीच्या खाली गेला : १,८७९ विरुद्ध १,८९३. पुढच्या आठवड्यात भाव वर जाऊन १,९५१ झाला, त्यामुळे ती हूल ठरली. नोव्हेंबरच्या मध्यात मात्र भाव पुन्हा खाली आला आणि महिनाअखेर १,७७७ झाला. म्हणजे साप्ताहिक नियमाने विकणारा १,८८० च्या आसपास बाहेर पडला असता. एक हूल, एक खरा इशारा.

मासिक चार्टवर ऑगस्ट २०२० अखेर वीस महिन्यांची सरासरी होती सुमारे १,५३५. भाव तिच्यापेक्षा सव्वाचारशे डॉलर वर. पुढच्या सात महिन्यांत भाव एकंदरीत उतरला आणि सरासरी वर चढत गेली. मार्च २०२१ अखेर भाव १,७०८, सरासरी १,७०५. तीन डॉलरच्या फरकाने भाव सरासरीला टेकला आणि एप्रिलमध्ये १,७६९ वर गेला. म्हणजे ज्या सात महिन्यांना दिवसाचा चार्ट मंदी म्हणत होता, त्यांना मासिक चार्ट म्हणतो, लांब गेलेला भाव आपल्या सरासरीकडे परतला. रोखेधारकाच्या घरी मात्र हेच सात महिने कसे दिसले? मार्च २०२१ मध्ये बारावी मालिका ४,६६२ रुपयांना निघाली. ५,३३४ ला घेणाऱ्याचे प्रत्येक ग्रॅममागे ६७२ रुपये, म्हणजे साडेबारा टक्के कागदावर गेलेले होते.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, चला, मासिक चार्ट खरा, बाकीचे दोन गोंगाट. तसे नाही. हिशेब आणखी सहा महिने पुढे नेऊ. सप्टेंबर २०२१ अखेर भाव १,७५७ आणि वीस महिन्यांची सरासरी १,७९३. मासिक नियम अखेर बोलला : विका. वर्ष उलटल्यावर. ११ ऑगस्टला दिवसाच्या नियमाने १,९१२ ला विकणाऱ्यापेक्षा दीडशे डॉलर कमी मिळाले असते. आणि विकून पाच महिने होत नाहीत तोच, फेब्रुवारी २०२२ अखेर, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर भाव १,९०९ होता. म्हणजे मासिक नियमाने जवळजवळ तळात विकायला लावले. दिवसाचा चार्ट उतावीळ आहे, मासिक चार्ट उशिरा येणारा आहे. उशिरा येणाऱ्याला आपण अनेकदा गंभीर समजतो, एवढेच.

मग दिवसाच्या चार्टवर इतक्या हुली का? यामागे बाजारातल्या कोणाचा कट नाही, साधे गणित आहे. समजा, सोने वर्षाला सरासरी दहा टक्के वाढते आणि त्याची वार्षिक हेलकाव्याची मात्रा पंधरा टक्के आहे. वाढ दिवसांच्या प्रमाणात जमते, पण हेलकावा दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. त्यामुळे एका दिवसात वाढीचा वाटा टक्क्याच्या चार शतांश आणि हेलकावा जवळपास एक टक्का. वाढ हेलकाव्यात बुडून जाते. या गृहीतावर शंभरातले साधारण ५२ दिवस हिरवे निघतील, ५४ आठवडे, ५८ महिने आणि ७५ वर्षे. गृहीत तेच, काळाची लांबी तेवढी वेगळी. रोज पाहणाऱ्याला हे नाणेफेकीसारखे वाटेल आणि वर्षाने पाहणाऱ्याला खात्रीच्या ठेवीसारखे. खऱ्या सोन्यात ११ ऑगस्टसारख्या उड्या या घंटाकृती हिशेबाने सांगितलेल्यापेक्षा जास्त येतात, म्हणून हे आकडे मी दिशेपुरते सांगतो, वचन म्हणून नाही.

मोठ्या काळाची दुसरी उणीव याच्याच उलट बाजूला आहे. वीस वर्षांत बाजाराचे सुमारे पाच हजार दिवस असतात, हजारभर आठवडे असतात आणि महिने फक्त २४०. त्यात एखादा विशिष्ट आकार, समजा सलग चार हिरव्यांनंतरची दोजी, फार क्वचित आलेला असतो. त्या दोन-चार वेळांवरून ‘महिन्याच्या चार्टवर असे झाले की तसे होते’ असा नियम सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. दिवसाच्या चार्टवर पुरावा भरपूर असतो पण गोंगाटाने भरलेला. महिन्याच्या चार्टवर गोंगाट कमी, पण पुरावाही कमी.

आता रुपयाकडे येऊ, कारण आपण डॉलरमध्ये पाटल्या घडवत नाही. इथे दिवसाचा चार्ट अशी एक गोष्ट दाखवतो जी महिन्याचा चार्ट लपवतो. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्यावरचे सीमाशुल्क १५ टक्क्यांवरून सहावर आले. त्या एका दिवसात एमसीएक्सवर दहा ग्रॅममागे सुमारे चार हजार रुपये उतरले. जागतिक बाजारात त्या दिवशी काहीच घडलेले नव्हते. उलट डॉलरमधल्या सोन्याची जुलैची मासिक कॅन्डल हिरवी आहे. पण नुसता रुपयातला मासिक चार्ट पाहिला तर जुलै २०२४ वरून घसरलेला एक महिना दिसतो, आणि पाहणारा म्हणतो, ‘उच्चांकावर विक्री आली.’ विक्री आली नव्हती, कर गेला होता. दिवसाच्या चार्टवर तारीख दिसते, तारखेवरून कारण शोधता येते. महिन्याच्या चार्टवर कारणाचा पत्ता पुसलेला असतो. फेब्रुवारी २०२१ च्या घसरणीतही थोडा वाटा असाच शुल्काचा होता. त्या अर्थसंकल्पात साडेबाराचे साडेसात टक्के झाले आणि वर अडीच टक्के कृषी अधिभार बसला.

कराचा आणि रुपयाचा परिणाम उलट दिशेनेही चालतो. डॉलरच्या मासिक चार्टवर २,०७५ ही पातळी छतासारखी दिसते. ऑगस्ट २०२० मध्ये भाव तिथे आपटला, मार्च २०२२ मध्ये तिच्या जवळून परतला, मे २०२३ मध्ये पुन्हा. ४ डिसेंबर २०२३ ला, सोमवारी पहाटे, आशियाई बाजार उघडताच भाव २,१३० च्या वर उसळला आणि त्याच रात्री २,०३० च्या आसपास येऊन पडला. दिवसाच्या चार्टवर याहून कुरूप लाल कॅन्डल सापडणे कठीण. अनेकांनी तिला फसलेला ब्रेकआउट म्हटले. पण डिसेंबर संपला तेव्हा मासिक बंद भाव होता २,०६२, तोवरचा सर्वांत उंच. मार्च २०२४ मध्ये तो २,२०० च्या पुढे गेला आणि छत मोडले. आणि रुपयात? रुपयातला ऑगस्ट २०२० चा उच्चांक जानेवारी २०२३ मध्येच ओलांडला गेला होता. रुपया ७५ वरून ८१-८२ वर घसरला होता आणि जुलै २०२२ पासून शुल्क १५ टक्के झाले होते. म्हणजे डॉलरचा मासिक चार्ट पाहून ‘अजून छताखाली आहे’ म्हणत इतवारीत खरेदीला थांबलेला माणूस एक वर्ष उशिरा जागा झाला. काळाची चौकट जशी निवडायची, तसे चलनही निवडावे लागते. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

वायद्याच्या चार्टबद्दल एकच सूचना करतो. एमसीएक्सवरचा मोठ्या सोन्याचा करार एक किलोचा, आणि तो दोन-दोन महिन्यांच्या अंतराने संपतो. त्यामुळे दहा वर्षांचा मासिक चार्ट म्हणजे अनेक करार एकमेकांना टाके घालून जोडलेले कापड. पुढचा करार बहुधा थोडा महाग असतो. त्या टाक्यांवर भावात जी उडी दिसते ती कोणाच्या खिशात गेलेली नसते. दिवसाच्या चार्टवर हा टाका ओळखू येतो. मासिक चार्टवर येत नाही.

आता व्यवहाराचा सर्वांत महत्त्वाचा भाग. निष्कर्ष काढता येणे वेगळे आणि तो अमलात आणता येणे वेगळे. इतवारीत नाणे किंवा बिस्किट घेताना तीन टक्के जीएसटी जातो. विकताना तो परत मिळत नाही, वर खरेदी-विक्रीच्या भावातली तफावत आहे. दागिना असेल तर मजुरी आहे. सोन्याचा नेहमीचा दिवसाचा हेलकावा एक टक्क्याच्या आसपास. एका टक्क्याच्या इशाऱ्यावर तीन-चार टक्के खर्च करणाऱ्याला मी गुंतवणूकदार म्हणणार नाही. प्रत्यक्ष सोन्यासाठी दिवसाचा चार्ट बाद आहे, हे माझे स्पष्ट मत आहे. रोख्यांचेही तसेच. पाच वर्षांच्या आत बाहेर पडायचे तर शेअर बाजारात विकावे लागते, तिथे उलाढाल पातळ आणि त्या काळात भाव अनेकदा सोन्याच्या भावाहून कमी असे. ज्याने आठ वर्षांचा कागद घेतला होता त्याने ११ ऑगस्टच्या संध्याकाळी दिवसाचा चार्ट उघडून करायचे तरी काय होते? विकायची सोयच नव्हती. त्या मालिकेला पाच वर्षे पूर्ण झाल्यावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, मुदतपूर्व परतफेडीचा दर ग्रॅममागे दहा हजार रुपयांच्या आसपास होता, आणि दरवर्षीचे अडीच टक्के व्याज वेगळे. याचा अर्थ मासिक चार्ट वाचणारा बरोबर ठरला असा मी काढत नाही. १९८० च्या जानेवारीत ८५० डॉलरला सोने घेऊन मासिक चार्टच्या भरवशावर बसलेल्या अमेरिकी माणसाला १९९९ मध्ये २५३ डॉलर पाहावे लागले होते.

उलट, रोजच्या रोज माल घेणारा आणि विकणारा सराफ, किंवा वायद्यात पैसे गुंतवून मार्जिन भरणारा व्यापारी, यांना मासिक चार्टचा उपयोग नाही. ११ ऑगस्टच्या एका दिवसात त्यांचे मार्जिन संपू शकते. महिनाअखेर दोजी झाली हे ऐकायला त्यांचा सौदा शिल्लक राहिलेला नसतो. त्यांच्यासाठी दिवसच खरा. तोही कोणाचा दिवस, हे त्यांना ठाऊक असते. एमसीएक्सचा दिवस रात्री साडेअकराच्या पुढे-मागे संपतो आणि न्यू यॉर्कचा आपल्या पहाटे. त्यामुळे एकाच तारखेची कॅन्डल दोन ठिकाणी दोन आकारांची निघू शकते.

पण मला ज्या वागण्याची खरी काळजी वाटते ते यांतले कुठलेच नाही. माणूस घेताना दिवसाचा चार्ट पाहून घेतो : भाव चढतोय, निघालो. मग भाव पडतो. तो आठवड्याचा चार्ट उघडतो आणि म्हणतो, विश्रांती आहे. आणखी पडतो. तो महिन्याचा उघडतो आणि म्हणतो, लांबची तेजी शाबूत आहे. आणखी पडला की आजोबांच्या काळातला तोळ्याचा भाव काढतो. चार्ट मोठा होत गेला की तोटा लहान दिसत जातो. आणि नफ्यात नेमके उलट : दोन टक्के वाढले की तोच माणूस दिवसाच्या, नव्हे तासाच्या चार्टवर येतो आणि एका लाल कॅन्डलला घाबरून विकतो. अशा रीतीने तोटे वर्षांच्या चौकटीत जपले जातात आणि नफे तासांच्या चौकटीत संपवले जातात. हे इतवारीतही पाहिले आहे आणि इंग्रजी बोलणाऱ्या सल्लागारांतही. हे ओळखायचे कसे? घेण्याच्या दिवशी कोणता चार्ट उघडला होता आणि आज कोणता उघडला आहे, ते पाहा. दोन्हींत फरक असेल आणि मधल्या काळात तुमची गरज बदललेली नसेल, तर चार्ट तुम्ही बदललेला आहे, बाजाराने नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. मुलीचे लग्न दोन वर्षांवर असेल तर सोने घेण्याआधी कागदावर दोन ओळी लिहा : पैसे किंवा दागिना कोणत्या महिन्यात लागणार आहे, आणि कोणता चार्ट, कोणत्या दिवशी बाजार बंद झाल्यावर पाहणार आहे. आणि कोणी मोबाइलवर चार्ट पाठवून ‘भाऊ, आता घ्यावं का थांबावं?’ असे विचारले, तर रंग पाहण्याआधी वरच्या कोपऱ्यात `D` लिहिले आहे, `W` की `M` ते पाहा, उजवीकडची शेवटची कॅन्डल पूर्ण झाली आहे का ते विचारा, आणि मग त्याला सोने कशासाठी हवे आहे ते विचारा.